आपत्कालीन निधी कोठे ठेवावा: बचत खाते, मुदत ठेव आणि लिक्विड फंड यांची पायरीपायरीने मांडणी

आपत्कालीन निधीबद्दल विचारणा करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न परताव्याचा करतात, आणि तेथेच गफलत होते. समजा, २,४०,००० रुपयांचा निधी आहे. तो सगळा अडीच टक्के व्याजाच्या बचत खात्यात ठेवला तर वर्षाला ६,००० रुपये मिळतात. त्यातील ६०,००० रुपये खात्यात ठेवून उरलेले १,८०,००० रुपये सहा टक्क्यांच्या आसपास देणाऱ्या ठेवीत किंवा फंडात ठेवले तर १२,३०० रुपये मिळतात. फरक ६,३०० रुपयांचा, म्हणजे महिन्याला सुमारे ५२५ रुपयांचा आहे. हा फरक सोडून द्यावा असे मी म्हणणार नाही, परंतु त्यासाठी जोखीम पत्करावी इतका तो मोठाही नाही. निधीची जागा ठरवताना खरे विचारायचे आहे ते असे: गरज सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री उद्भवली तर हे पैसे किती तासांत हातात येतील, आणि ज्याच्या नावावर पैसे आहेत तोच रुग्णालयात असेल तर ते दुसऱ्या कोणाला काढता येतील का? पुढील सर्व पायऱ्या याच दोन प्रश्नांवर आधारलेल्या आहेत.

(या लेखातील व्याजदर हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. प्रत्यक्ष दर बँकेनुसार आणि काळानुसार बदलतात.)

पायरी १: रक्कम वेळेनुसार तीन भागांत मांडा

निधी साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या अत्यावश्यक खर्चाइतका असावा, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. अत्यावश्यक म्हणजे घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, किराणा, वीजबिल, शाळेची फी, औषधे आणि विम्याचे हप्ते. हॉटेल, प्रवास आणि नवी खरेदी यांचा त्यात समावेश नाही. मात्र केवळ एकूण आकडा काढून थांबू नये. त्याच आकड्याचे तीन भाग करावेत: एका तासात लागू शकणारी रक्कम, दोन-तीन दिवसांत लागू शकणारी रक्कम आणि नोकरी गेल्यास महिन्या-महिन्याने लागणारी रक्कम.

असे भाग पाडण्याचे कारण म्हणजे संकटे दोन प्रकारची असतात. अपघात किंवा अचानक आजारपण यांत पैसे लगेच लागतात, पण ते बहुधा संपूर्ण निधीइतके लागत नाहीत. नोकरी गेली तर मोठी रक्कम लागते, पण ती हळूहळू लागते. संपूर्ण निधी बचत खात्यात ठेवणारा माणूस दुसऱ्या संकटासाठी ठेवलेल्या पैशावरचे व्याज विनाकारण गमावतो, तर संपूर्ण निधी फंडात ठेवणारा माणूस पहिल्या संकटात अडकतो.

उदाहरणासाठी एक कुटुंब घेऊ. पती-पत्नी, एक मूल आणि वृद्ध आई असे चौघांचे घर असून अत्यावश्यक खर्च महिन्याला ४०,००० रुपये आहे. सहा महिन्यांच्या हिशेबाने निधी २,४०,००० रुपयांचा होतो. त्याची विभागणी मी पुढीलप्रमाणे करीन: ६०,००० रुपये वेगळ्या बचत खात्यात, ८०,००० रुपये लिक्विड फंडात आणि १,००,००० रुपये मुदत ठेवींत. या विभागणीची कसोटी पुढे पाचव्या पायरीत पाहू.

पायरी २: पहिला भाग वेगळ्या बँकेतील बचत खात्यात ठेवा

पगार जमा होणाऱ्या खात्यातच निधी ठेवला तर तो निधी राहत नाही. हप्ते, बिले आणि रोजची खरेदी त्याच खात्यातून जात असल्याने त्यातील किती रक्कम राखीव आहे हे कोणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून खाते वेगळे असावे आणि शक्यतो ते वेगळ्या बँकेत असावे.

बँक वेगळी असण्याचे कारण अधिक गंभीर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण पहिल्या आठवड्यात ज्यांच्या घरी आजारपण होते त्यांना त्याचा उपयोग नव्हता. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर ५०,००० रुपयांची मर्यादा आली आणि ती सुमारे दोन आठवड्यांत उठली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पहिले काही दिवस एक रुपयाही काढता येत नव्हता.

ठेव विमा अशा वेळी मदतीला येतो, पण त्याचा नेमका अर्थ समजून घ्यायला हवा. ठेव विमा व पत हमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. त्यापूर्वी ती १ लाख रुपये होती. एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील आणि निरनिराळ्या प्रकारच्या खात्यांतील रकमा यासाठी एकत्र धरल्या जातात. २०२१ मधील दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. याचा अर्थ पैसे सुरक्षित आहेत, परंतु ते तीन महिन्यांनी मिळतील. आपत्कालीन निधीसाठी तीन महिने म्हणजे फार उशीर. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की सुरक्षितता आणि वेळेवर उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची तजवीज दोन बँकांत पैसे विभागूनच करता येते.

येथे महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. गावोगावच्या पतसंस्था बँकेसारख्याच दिसतात, त्यांच्या ठेवींवरील व्याज बहुधा जास्त असते आणि तेथील माणसे ओळखीची असतात. पण पतसंस्थांतील ठेवींना डीआयसीजीसीचे संरक्षण नाही. सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. आपत्कालीन निधीतील एक रुपयाही पतसंस्थेत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाते उघडताना तीन गोष्टी पाहाव्यात: किमान शिल्लक किती ठेवावी लागते, डेबिट कार्ड आणि यूपीआय दोन्ही सुरू आहेत का, आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती रक्कम काढता किंवा पाठवता येते. किमान शिल्लक १०,००० रुपये असेल तर ६०,००० पैकी १०,००० रुपये काढताच दंडाची शक्यता निर्माण होते. म्हणून कमी किंवा शून्य किमान शिल्लक असलेले खाते बरे.

असे खाते महिनोन् महिने पडून राहते, आणि त्यातूनच एक अडचण उद्भवते. खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ स्वतः कोणताही व्यवहार केला नाही तर बँक ते खाते निष्क्रिय ठरवते. बँकेने जमा केलेले व्याज हा खातेदाराचा व्यवहार धरला जात नाही. निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करण्यासाठी केवायसीची कागदपत्रे द्यावी लागतात, आणि नेमक्या संकटाच्या दिवशी ते शक्य नसते. यावर उपाय सोपा आहे. दर तीन महिन्यांनी या खात्यातून यूपीआयने एखादी लहान रक्कम भरावी आणि वर्षातून एकदा एटीएममधून पैसे काढावेत. त्याच वेळी कार्डाची मुदत, पिन आणि नोंदलेला मोबाइल क्रमांक यांचीही खात्री होते. फोन बदलल्यावर यूपीआयची मर्यादा पहिले २४ तास खूपच कमी असते, हेही लक्षात ठेवावे. नवा फोन घेतला की त्याच आठवड्यात या खात्याचे ॲप त्यावर सुरू करून ठेवावे.

पायरी ३: मुदत ठेव एकच मोठी न करता तुकड्यांत करा

मुदत ठेव ही अडीअडचणीत मोडता येत नाही किंवा मोडली तर सगळे व्याज बुडते, असा समज अनेकांचा आहे. तो बरोबर नाही. बँकेतील १ कोटी रुपयांपर्यंतच्या वैयक्तिक ठेवींना मुदतपूर्व काढण्याची सोय देणे बँकांना बंधनकारक आहे. अपवाद करसवलतीसाठी केलेल्या पाच वर्षांच्या ठेवीचा, ती मध्येच मोडता येत नाही. त्यामुळे आपत्कालीन निधीसाठी ती अजिबात निवडू नये. पोस्टातील मुदत ठेव सरकारी हमीची असली, तरी पहिले सहा महिने ती काढता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या काळात तीही या कामाची नाही.

ठेव मोडल्यावर काय होते ते आकड्यांत पाहू. एका वर्षासाठी सहा टक्क्यांनी ठेवलेले १,००,००० रुपये चार महिन्यांनी मोडले, असे समजा. बँक सहा टक्के देत नाही. ठेव ठेवली त्या दिवशी चार महिन्यांच्या ठेवीला जो दर होता तो ती लावते आणि त्यातून दंड वजा करते. चार महिन्यांचा दर साडेचार टक्के आणि दंड अर्धा टक्का धरला तर चार टक्के हातात पडतात. चार महिन्यांचे व्याज १,३३३ रुपये होते. सहा टक्क्यांनी ते २,००० रुपये झाले असते. म्हणजे ६६७ रुपयांचे नुकसान झाले. तरीही तेवढ्याच काळात बचत खात्यात अडीच टक्क्यांनी ८३३ रुपयेच मिळाले असते. मोडलेली ठेवसुद्धा बहुतेक वेळा बचत खात्यापेक्षा कमी देत नाही. मात्र सात दिवसांच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही.

आता हीच रक्कम २५,००० रुपयांच्या चार ठेवींत विभागली आणि गरज २५,००० रुपयांचीच पडली, तर फक्त एक ठेव मोडावी लागते, नुकसान सुमारे १६७ रुपयांचे होते आणि उरलेल्या तीन ठेवी सहा टक्क्यांनी चालू राहतात. तुकडे करण्याला काहीही खर्च नाही. चारही ठेवी एकाच दिवशी करायचीही गरज नाही. दर तीन महिन्यांनी एक ठेव केली आणि प्रत्येकीची मुदत एक वर्ष ठेवली, तर वर्षभरानंतर दर तिमाहीला एक ठेव पूर्ण होत राहते. नोकरी गेली असेल तर पुढची ठेव न मोडताच हातात येण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

काही बँका बचत खात्याला जोडलेली ऑटो स्वीप सोय देतात. त्यात ठरावीक रकमेवरील शिल्लक आपोआप ठेवीत जाते आणि खात्यात पैसे कमी पडले की ठेवीतून आवश्यक तेवढीच रक्कम परत येते. नवख्या माणसाला ही सोय चांगली आहे, कारण ठेव मोडण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. मात्र दोन गोष्टी विचाराव्यात: ठेव किती रुपयांच्या पटीत मोडली जाते, आणि आधी जुनी ठेव मोडते की नवी. जुनी ठेव आधी मोडली तर अधिक साठलेल्या व्याजावर परिणाम होतो. आणखी एक सावधगिरी म्हणजे ही सोय रोजच्या खर्चाच्या खात्याला जोडू नये, नाहीतर महिनाअखेरीस निधी नकळत खर्चात जातो.

ठेव करताना सर्वांत महत्त्वाची चौकशी तिच्या मोडण्याच्या पद्धतीची आहे. ती ॲपवरून, सुट्टीच्या दिवशी, रात्रीसुद्धा मोडता येते का? काही बँकांत हे कधीही करता येते, काहींत ठरावीक वेळेतच, आणि अनेक सहकारी बँकांत मूळ पावती घेऊन शाखेतच जावे लागते. शाखेत जावे लागणार असेल तर ती ठेव तिसऱ्या भागासाठी, म्हणजे सावकाश लागणाऱ्या रकमेसाठीच, ठीक आहे.

पायरी ४: लिक्विड फंड समजून घेऊन मगच पैसे भरा

लिक्विड फंड हा म्युच्युअल फंडाचा एक प्रकार असून तो जास्तीत जास्त ९१ दिवसांत परतफेड होणाऱ्या रोख्यांत पैसे गुंतवतो. सरकारची ट्रेझरी बिले, बँकांची ठेव प्रमाणपत्रे आणि कंपन्यांचे अल्पमुदतीचे कर्जरोखे ही त्याची मुख्य खरेदी असते. मुदत इतकी कमी असल्याने व्याजदर बदलले तरी फंडाच्या युनिटची किंमत, म्हणजे एनएव्ही, फारशी हलत नाही. पण ती हलतच नाही, असे समजू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली, तेव्हा त्याचे कर्जरोखे बाळगणाऱ्या काही लिक्विड फंडांची एनएव्ही एकाच दिवसात काही टक्क्यांनी घसरली. या फंडांना ठेव विमा नाही, हे या घटनेने अनेकांना पहिल्यांदा कळले.

त्यानंतर सेबीने नियम कडक केले. लिक्विड फंडाला आता किमान २० टक्के रक्कम रोख, सरकारी रोखे अशा झटकन विकता येणाऱ्या साधनांत ठेवावी लागते. सात दिवसांच्या आत पैसे काढल्यास अगदी लहान एक्झिट लोड, म्हणजे पैसे काढण्याचे शुल्क, आकारला जातो. पहिल्याच दिवशी १ लाख रुपये काढले तर तो ७ रुपये होतो, पुढे रोज कमी होतो आणि सातव्या दिवसापासून शून्य असतो. बाजारात मोठे संकट आले तर फंड पैसे काढण्यावर तात्पुरते निर्बंध घालू शकतो, परंतु २ लाख रुपयांपर्यंतच्या मागणीला ते लागू होत नाहीत. सामान्य कुटुंबाच्या निधीला ही तरतूद पुष्कळ आधार देते.

फंड निवडताना मी परताव्याच्या यादीकडे पाहत नाही, आणि वाचकांनीही पाहू नये. दोन लिक्विड फंडांच्या परताव्यात फरक साधारणपणे फार थोडा असतो. एखादा फंड इतरांपेक्षा ठळकपणे जास्त देत असेल तर त्याने बहुधा कमी दर्जाच्या कंपन्यांना पैसे दिलेले असतात. फंडाच्या मासिक माहितीपत्रकात गुंतवणुकींची यादी असते. त्यात ट्रेझरी बिले, मोठ्या बँका आणि ए१+ या सर्वोच्च अल्पमुदतीच्या पतदर्जाचे रोखे यांचा भरणा असावा, कोणत्याही एका कंपनीत मोठा वाटा नसावा आणि फंडाचा एकूण आकार मोठा असावा. त्याच पत्रकात जोखीम दाखवणारा चौकटीचा तक्ता असतो. त्यात ए-१ ही सर्वांत कमी जोखमीची चौकट आहे. एवढीही जोखीम नको असेल तर ओव्हरनाइट फंड हा पर्याय आहे. त्यात दुसऱ्या दिवशी परत मिळणाऱ्या साधनांतच पैसे असतात आणि परतावा किंचित कमी मिळतो.

नाव ऐकून मात्र फसू नये. अल्ट्रा शॉर्ट, लो ड्युरेशन अशा नावांचे फंड हे लिक्विड फंड नव्हेत. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा कर्जरोखे योजना अचानक बंद केल्या आणि गुंतवणूकदारांना पैसे पुढे हप्त्याहप्त्याने मिळाले. त्यांत अशाच योजनांचा समावेश होता. अर्धा टक्का जास्त परताव्यासाठी निधी त्यांच्यात हलवू नये.

आता पैसे परत मिळण्याचा कालावधी पाहू. नेहमीच्या पद्धतीने दुपारी ३ पूर्वी मागणी केली तर पैसे सहसा पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. शनिवारी रात्री केलेली मागणी सोमवारची धरली जाते आणि पैसे मंगळवारी येतात. सोमवारी सुट्टी असेल तर बुधवार उजाडतो. यावर उपाय म्हणून अनेक फंड कंपन्या तत्काळ पैसे काढण्याची सोय देतात. त्यात एका योजनेतून एका दिवसात ५०,००० रुपये किंवा गुंतवणुकीच्या ९० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी काही मिनिटांत खात्यात येते. पण ही सोय प्रत्येक कंपनीकडे नसते, आणि डिमॅट खात्यात ठेवलेल्या युनिटना ती सहसा मिळत नाही. ब्रोकरच्या ॲपवरून खरेदी केली तर युनिट अनेकदा डिमॅटमध्ये जातात, हे अनेकांच्या ध्यानातही नसते. म्हणून फंड कंपनीच्या संकेतस्थळावरूनच डायरेक्ट, म्हणजे मध्यस्थाविना घेतली जाणारी, योजना आणि ग्रोथ, म्हणजे नफा फंडातच राहू देणारा, पर्याय निवडून खरेदी करावी.

आणखी एक बारकावा. फंडाचे पैसे फक्त नोंदलेल्या बँक खात्यातच येतात. तुमची एकमेव बँक निर्बंधाखाली आली, तर फंडातून काढलेले पैसेही त्याच अडकलेल्या खात्यात जाऊन पडतील. एका फोलिओत, म्हणजे फंड कंपनीकडील तुमच्या खात्यात, पाचपर्यंत बँक खाती नोंदता येतात. तेव्हा पगाराचे खाते आणि दुसऱ्या पायरीतील वेगळे खाते, ही दोन्ही सुरुवातीलाच नोंदवावीत. खाते ऐनवेळी बदलायला गेल्यास पडताळणीत बरेच दिवस जातात.

कराच्या बाबतीत ठेव आणि लिक्विड फंड यांत आता फारसा फरक उरलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून खरेदी केलेल्या लिक्विड फंडाच्या नफ्यावर आणि ठेवीच्या व्याजावर, दोन्हींवर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसारच कर लागतो. फरक इतकाच की ठेवीच्या व्याजाचा हिशेब दरवर्षी करावा लागतो, तर फंडाचा कर पैसे काढल्यावरच येतो. केवळ या कारणाने जागा ठरवू नये.

पायरी ५: विभागणी शनिवारच्या रात्रीवर तपासा

उदाहरणातील कुटुंबाकडे परत येऊ. शनिवारी रात्री साडेनऊला आई घसरून पडते आणि मांडीचे हाड मोडते. रुग्णालय दाखल करून घेताना ८०,००० रुपये आगाऊ मागते. विम्याची कॅशलेस मंजुरी सोमवारपूर्वी येणार नाही. कुटुंब बचत खात्यातील ६०,००० रुपये यूपीआयने भरते आणि लिक्विड फंडातून २०,००० रुपये तत्काळ काढते. फंडात ८०,००० रुपये असल्याने ९० टक्के म्हणजे ७२,००० होतात, पण मर्यादा ५०,००० चीच, आणि २०,००० त्यात बसतात.

रविवारी सकाळी शस्त्रक्रियेच्या साहित्यासाठी आणखी ६०,००० रुपये लागतात. नव्या दिवसाची मर्यादा उपलब्ध असल्याने फंडातून ४०,००० रुपये काढले जातात आणि ॲपवरून २५,००० रुपयांची एक ठेव मोडली जाते. १,४०,००० रुपयांचा खर्च भागतो, कोणाकडेही हात पसरावा लागत नाही, आणि खाते, फंड व ठेवी मिळून १,००,००० रुपये शिल्लक राहतात.

हीच २,४०,००० रुपयांची रक्कम डिमॅटमधील लिक्विड फंडात असती तर मंगळवारपर्यंत एक रुपयाही मिळाला नसता. ती पावतीवर शाखेत मोडाव्या लागणाऱ्या एकाच ठेवीत असती तर सोमवारी शाखा उघडेपर्यंत वाट पाहावी लागली असती आणि संपूर्ण ठेव मोडावी लागली असती. सगळी रक्कम बचत खात्यात असती तर मात्र काहीच अडचण आली नसती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फक्त यूपीआयची दिवसाची मर्यादा सहसा १ लाख रुपये असते, एवढेच लक्षात ठेवावे लागले असते. म्हणून ज्यांना फंडाचा व्याप नको आहे त्यांनी पहिला भाग मोठा ठेवून उरलेले पैसे ऑटो स्वीपमध्ये किंवा ॲपवरून मोडता येणाऱ्या ठेवींत ठेवले, तर ते चुकीचे ठरणार नाही. लिक्विड फंड उपयोगी आहे, अनिवार्य नाही.

पायरी ६: दुसऱ्या हाताची सोय करा

वरच्या उदाहरणात आजारी पडली ती आई. पडणारी व्यक्ती जर तीच असती जिच्या नावावर सर्व पैसे आहेत, तर? तिचा फोन कुलूपबंद, पिन कोणाला ठाऊक नाही आणि ठेव तिच्या एकटीच्या नावावर. असा निधी असूनही नसल्यासारखाच आहे, आणि नवख्यांच्या मांडणीत सर्वांत जास्त दुर्लक्ष याच बाबीकडे होते.

बचत खाते पती-पत्नींच्या संयुक्त नावाने, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल अशा पद्धतीने उघडावे, आणि दोघांकडेही स्वतंत्र कार्ड व यूपीआय असावे. ठेवीच्या बाबतीत एक खाच आहे. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ अशी नोंद असली तरी ती मुदत पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या पैशासाठी असते. ठेव मुदतीपूर्वी मोडायची असेल तर अनेक बँका दोघांच्याही सह्या मागतात. एकाचा मृत्यू झाला तर वारसांची संमतीही मागितली जाऊ शकते. ठेव करतानाच, दोघांपैकी एकाला किंवा हयात असणाऱ्याला मुदतपूर्व ठेव मोडण्याचा अधिकार राहील, अशी लेखी सूचना दोघांनी सही करून बँकेला द्यावी आणि तिची पोच घ्यावी. ही एक ओळ लिहून द्यायला पाच मिनिटे लागतात.

लिक्विड फंडात संयुक्त फोलिओ घेतला तर तत्काळ काढण्याची सोय मिळते का, हे कंपनीकडे आधी विचारावे. मिळत नसेल तर निधीचा फंडातील भाग दोघांनी आपापल्या नावाने वेगवेगळ्या फोलिओंत ठेवणे सोयीचे. नामनिर्देशन सर्व ठिकाणी करावे, पण नॉमिनीला पैसे खातेदाराच्या मृत्यूनंतर मिळतात. खातेदार रुग्णालयात असताना नॉमिनीचा काहीच उपयोग होत नाही.

पायरी ७: एकदा खरोखर पैसे काढून पाहा

सर्व मांडणी झाल्यावर एखाद्या शनिवारी संध्याकाळी तालीम करावी. फंडातून ५०० रुपये तत्काळ काढावेत आणि ते किती मिनिटांत आले ते पाहावे. ठेवीच्या ॲपमधील मोडण्याचा पर्याय शेवटच्या पुष्टीपर्यंत जाऊन पाहावा आणि तेथेच परत फिरावे. दुसऱ्या व्यक्तीने तिच्या फोनवरून बचत खात्यातील पैसे दुसऱ्या खात्यात पाठवून पाहावेत. बँकेच्या नेट बँकिंगमध्ये नवीन खाते जोडल्यावर पहिल्या दिवशी कमीच रक्कम पाठवता येते, म्हणून एकमेकांची खाती आधीच जोडून ठेवावीत. तालमीत एखादी पायरी अडली, उदाहरणार्थ तत्काळ सोय रविवारी बंद असल्याचे दिसले, तर तेवढी रक्कम बचत खात्यात किंवा ऑटो स्वीपमध्ये हलवावी.

निधी वापरला गेल्यानंतर तो ज्या क्रमाने रिकामा झाला त्याच क्रमाने भरावा. आधी बचत खात्यातील ६०,००० रुपये पूर्ण करावेत, मग फंड आणि शेवटी ठेव. विमा कंपनीकडून रुग्णालयाच्या खर्चाची भरपाई आली तर ती थेट याच वेगळ्या खात्यात जमा व्हावी म्हणून दाव्याच्या अर्जात त्या खात्याचा क्रमांक द्यावा. पगाराच्या खात्यात आलेली भरपाई महिन्याच्या खर्चात मिसळून जाते, आणि मग निधी पुन्हा उभा राहायला वर्षभर लागते.